काट्यावरच्या पोराचा राजीनामा टाइप करायचा आहे, पण आहे तसा नाही

झेरॉक्सवाला | रविवार, ८ फेब्रुवारी, रात्री ९:१०

मंडळी, माझं तालुक्याच्या गावात झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे, यवतमाळ जिल्ह्यात. सातबारा, पीकविम्याचे फॉर्म, पोरापोरींचे बायोडाटा, सगळंच टाइप करतो. आज संध्याकाळी एका जिनिंगमधला पोट्टा आला. वजनकाट्यावर लिपिक आहे. वहीच्या पानावर राजीनामा लिहून आणला अन् म्हणे, "दादा, जसाच्या तसा टाइप कर, मोठ्या अक्षरात." मी म्हटलं प्रिंटरची शाई संपली, उद्या ये.

शाई होती.

त्याला विचारून, नावंगावं काढून इथं टाकतो. वाचा:

> शेठ,
> सात वर्स तुमच्या काट्यावर कुत्र्यासारखा राबलो. शनवारी चार गाडीवानांसमोर मले चोर म्हटलं. चोर कोन हाय ते साऱ्या तालुक्याले माहीत हाय. तुमच्याच सांगन्यावरून मी गाडीमांगं वजन कमी धरलं, त्याचे पैसे तुमच्या घरात गेले, माह्या नाही. डिसेंबर अन् जानेवारीचा पगार दाबून ठेवला. मायच्या ऑपरेशनले सुटी मांगतली त मेहुन्याच्या पोराले जागा देतो म्हनलं. घ्या मंग त्याले. मी आजच्या आज ही नोकरी लाथाडून रायलो. काट्याच्या चाव्या नालीत शोधा. माहे पैसे दोन दिसांत नाही भेटले त तुमची गाडी रस्त्यानं कशी जाते ते पायतो.

पगार १३,५०० महिना. नेमणुकीचं पत्र कधी मिळालं नाही. १२ नोव्हेंबर २०१८ ला लागला. पगार आधी रोख, आता चारेक वर्षांपासून खात्यात येतो.

पत्र साधं, सभ्य, कामापुरतं करून द्यायचं आहे. पोराचं म्हणणं, "सभ्य कर, पण मले वाकवू नको." कोणी मदत करेल का?

---

ठोक_भाऊ | रात्री ९:२६

काऊन बदलता बाप्पा? एक नंबर लिहिलं हाये पोट्ट्यानं. चाव्या नालीत शोधा, वाचूनच मजा आली. असंच द्या म्हणा. शेठले कळू दे एखाद्या वेळी.

---

विधी_दुसरं_वर्ष | रात्री ९:४०

मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन गोष्टी. एक, आजच्या आज नोकरी सोडता येत नाही, कायद्याने सगळ्यांनाच एक महिन्याची नोटीस बंधनकारक आहे. दोन, मालकाने मंजूर केल्याशिवाय राजीनामा लागूच होत नाही, तोपर्यंत हा नोकरीतच समजला जाईल. म्हणून पत्रात "मंजूर करावा ही नम्र विनंती" हे पाहिजेच. धमकीचं वाक्य काढा, त्यावरून पोलिसात तक्रार होऊ शकते.

---

भाव_काय | रात्री ९:४८

जिनिंगवाल्यांचा विषय निघालाच आहे तर विचारतो, तिकडे आज काय भाव निघाला? आमच्याकडे ओलावा जास्त म्हणून पाडून मागून रायले.

---

झेरॉक्सवाला | रात्री १०:०२

भाऊ, भावाचा धागा वेगळा आहे, तिकडं विचारा.

मी एक करून पाहिलं. आमच्याकडे अर्ज जसे लिहितात तसंच:

> मा. मालक साहेब यांना,
> सविनय सादर की, मी आपल्या जिनिंगमध्ये गेली सात वर्षे इमानेइतबारे सेवा करीत आहे. काही वैयक्तिक कारणास्तव पुढे काम करणे शक्य नसल्याने आजपासून राजीनामा देत आहे. माझ्याकडून काही चूक झाली असल्यास मोठ्या मनाने माफ करावे. माझी आपल्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. तरी माझा राजीनामा मंजूर करावा ही नम्र विनंती.

कसं वाटतं?

---

जुना_टाइमकीपर | रात्री १०:५१

झेरॉक्सवाले भाऊ, पत्र सुंदर आहे, पण ते शेठच्या फायद्याचं आहे.

मी एका सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालो. हजेरी, पगारपत्रक, राजीनामे, हिशेब, सगळे कागद माझ्या टेबलावरून जायचे. रागाचे राजीनामेही गंज पाहिले अन् रडके त्याहून जास्त. रागाच्या पत्रानं नुकसान होते ते दिसते. रडक्या पत्रानं होते ते हिशेबाच्या दिवशी कळते.

तुमच्या मसुद्यातली तीन वाक्यं पाहा.

"काही चूक झाली असल्यास माफ करावे." आपल्याकडे निरोपाच्या पत्रात हे लिहायची रीतच आहे, कोणी मनावर घेत नाही. पण या पोराला शनिवारी चारचौघांत चोर म्हटलं अन् सोमवारी तो सही करून माफी मागतो. उद्या चिठ्ठ्यांच्या हिशेबात फरक निघाला की शेठ हेच पत्र पुढं ठेवणार.

"कोणतीही तक्रार नाही." दोन महिन्यांचा पगार अडकला असताना हे लिहायचं?

"वैयक्तिक कारणास्तव." हे त्यातल्या त्यात निरुपद्रवी दिसते. पण उद्या त्याला कामगार कार्यालयात जाऊन सांगावं लागलं की माझा अपमान करून, पगार अडवून नोकरी सोडायला लावलं, तर पहिला प्रश्न येईल की मग पत्रात वैयक्तिक कारण कसं लिहिलं? राजीनाम्यात कारण लिहिलंच पाहिजे असं कुठं नाही. खरं कारण तिथं लिहायचं नसेल तर खोटंही लिहू नये. "मी राजीनामा देत आहे", एवढं पुरते.

पोरगा म्हणाला न, वाकवू नको. त्याचं बरोबर आहे.

---

जुना_टाइमकीपर | रात्री ११:१४

आता त्याच्या मूळ पत्राकडं. ठोक भाऊ, तुम्हाला नालीचं वाक्य आवडलं, मलाही हसू आलं. पण त्यातलं सगळ्यात महागाचं वाक्य तुमच्या नजरेतून सुटलं. "तुमच्याच सांगण्यावरून मी वजन कमी धरलं."

काट्याच्या चिठ्ठीवर सही कोणाची असते? या पोराची. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ माल, खाली सही. शेठची सही कुठंच नाही. त्याला वाटते आपण शेठला चोर ठरवलं. कागदावर पाहिलं तर त्यानं आपला गुन्हा आपल्या हातानं कबूल केला, अन् "सांगण्यावरून" याचा पुरावा त्याच्यापाशी शून्य.

अन् हे नुसतं पोलिसांपुरतं नाही. त्याची सात वर्षं झाली म्हणजे ग्रॅच्युइटी बसते, नोकरी सोडताना मालकानं द्यायचे एकरकमी पैसे. त्याला हे माहीत तरी आहे का? नोकरीत केलेल्या अफरातफरीसारख्या गुन्ह्यावरून बडतर्फ केलं तर मालक ग्रॅच्युइटी जप्त करू शकतो, आणि गुन्हा कोर्टात सिद्धच व्हायला पाहिजे असंही नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं तेच सांगितलं. त्याच निकालात तिकिटाच्या पैशात घोळ केलेल्या एसटी कंडक्टरांचंही प्रकरण होतं, त्यांची २५ टक्केच ग्रॅच्युइटी कापायला परवानगी दिली. हाणामारी, दंगा यासाठी काढलं तरी जप्तीची तरतूद आहे. म्हणजे "तुमची गाडी रस्त्यानं कशी जाते" हे दुसरं महागाचं वाक्य.

राजीनामा दिलेल्या माणसाची ग्रॅच्युइटी अशी सहजासहजी रोखता येत नाही. पण राजीनाम्याची तारीख यायच्या आत शेठनं चौकशी लावून बडतर्फीचा कागद काढला तर? अन् त्यासाठी लागणारा पुरावा आपणच टाइप करून द्यायचा?

---

झेरॉक्सवाला | रात्री ११:२०

त्याला ग्रॅच्युइटीचं काहीच माहीत नाही. मलाही वाटलं ते सरकारी नोकरांचं असते. किती बसेल?

---

जुना_टाइमकीपर | रात्री ११:३३

कारखान्याला लागू आहे, अन् जिनिंग म्हणजे कारखानाच. शेवटच्या पगाराला १५ नं गुणा, २६ नं भागा, मग पूर्ण वर्षांनी गुणा. १३,५०० चे १५/२६ म्हणजे ७,७८८ रुपये वर्षाला. सात वर्षांचे ५४,५१९. वरचे तीन-साडेतीन महिने धरत नाहीत, सहा महिन्यांच्या वर असते तर एक वर्ष वाढलं असतं. हे सगळा पगार मूळ पगार आहे असं धरून. पगारपत्रकात भत्ते वेगळे दाखवले असतील तर आकडा बदलेल.

पण इथं एक मेख आहे. जिनिंग हंगामी धंदा. जे कामगार फक्त हंगामात असतात त्यांना हंगामामागं सातच दिवसांची ग्रॅच्युइटी मिळते. शेठचा मुनीम हेच म्हणणार, की हा हंगामी होता. त्या हिशेबानं रक्कम जवळपास निम्म्यावर येते. पोरगा उन्हाळ्यात काय करायचा ते विचारा.

---

झेरॉक्सवाला | सोमवार, सकाळी ८:४०

आला होता आत्ताच. त्याला ५४ हजार सांगितले तर खालीच बसला. राग अर्धा तिथंच उतरला म्हणा न.

उन्हाळ्यात कामावरच असायचा. गाठी गेल्या की सरकीच्या गाड्या काट्यावर यायच्या, मग मशिनींची ओव्हरहॉलिंग, भंगार मोजणं, बँकेला स्टॉकचे कागद. पगार बाराही महिने खात्यात आलेला आहे. पासबुक दाखवलं मले, मे-जूनच्या नोंदी दिसतात.

---

जुना_टाइमकीपर | सकाळी ९:०५

उत्तम. मग पत्राच्या पहिल्या वाक्यात "बारमाही" हा शब्द टाका. "दि. १२ नोव्हेंबर २०१८ पासून वजनकाट्यावर लिपिक म्हणून बारमाही काम करीत आहे." वाचणाऱ्याला ती नुसती ओळख वाटते, कोणाचं मन दुखत नाही. पण शेठनं हे पत्र घेऊन पोच दिली अन् तेव्हाच्या तेव्हा हरकत घेतली नाही, तर नंतर हंगामी म्हणायला त्याला जड जाते. पासबुकाच्या त्या पानांचे झेरॉक्स काढून ठेवा, दुकान तुमचंच आहे.

आता विधी दुसरं वर्ष यांच्या दोन गोष्टी. धमकीबद्दल तुमचं बरोबर. नोटिशीचं अर्धं बरोबर. "सगळ्यांनाच एक महिना" असा सरसकट कायदा नाही. नेमणूकपत्रात काय लिहिलं, किंवा कारखान्याला स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींचे ठरवून दिलेले नियम, लागू आहेत का, त्यावर ते ठरते. इथं नेमणूकपत्रच नाही. महिन्याचा पगार असला की महिन्याची नोटीस हा रिवाज आहे, म्हणून शेठ पगारातून कापायचा प्रयत्न करेल. आज सोडलं तर १३,५०० वर त्याचा डोळा. थोडे दिवस दिले तर ते तोंड बंद होते.

अन् मंजुरी. सरकारी नोकरीत, किंवा जिथं नियमातच लिहिलं आहे तिथं मंजुरी लागते. खासगीत माणसाला धरून ठेवता येत नाही. नोटीस पुरी केली की तो मोकळा, वाद राहिला तर नोटिशीच्या पैशाचा. म्हणून "मंजूर करावा ही विनंती" लिहिलं म्हणजे आपणच शेठच्या हातात दोरी देतो. मग मुनीम म्हणतो, साहेबांनी अजून मंजूर केला नाही, हिशेब कसा करू? सरळ लिहा, "राजीनामा देत आहे, अमुक तारीख शेवटचा दिवस राहील."

---

विधी_दुसरं_वर्ष | सकाळी ९:३०

स्थायी आदेशांचा मुद्दा मान्य. पण मंजुरीबाबत मी वेगळं वाचलं आहे, खासगी नोकरीतही करारात "स्वीकारल्यावर" असं असेल तर स्वीकार लागतो.

---

जुना_टाइमकीपर | सकाळी ९:३४

करारात असेल तर. इथं करार कुठं आहे?

---

मास्तरीण_बाई | सकाळी १०:१५

राजीनाम्याचा विषय आहे म्हणून माझंही सांगते. मी खासगी अनुदानित शाळेत होते. संस्थेनं लागतानाच कोऱ्या कागदावर सही घेतली होती. पुढे त्याच्यावर राजीनामा टाइप करून "बाईंनी स्वखुशीनं सोडलं" म्हणून दाखवलं. माझा लढा चालूच आहे. तेव्हा या मुलानं आधी कुठं कोरी सही दिली आहे का ते विचारा.

---

जुना_टाइमकीपर | सकाळी १०:४०

बाई, तुमच्या वकिलांनी सांगितलंच असेल. खासगी शाळांच्या १९७७ च्या कायद्यातच आहे की राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही अन् तारीख घालून, एक प्रत रजिस्टर पोस्टानं संस्थेला पाठवायची अन् दुसरी आपल्याजवळ ठेवायची. कोऱ्या सहीच्या कागदाला पोस्टाची पावती कुठून आणणार? तुमच्या प्रकरणात ते पाहायला सांगा.

जिनिंगला तो कायदा लागू नाही, पण पद्धत उचलण्यासारखी आहे. दोन प्रती, दोन्हींवर तारीख, एकीवर पोच. अन् कोरी सही दिली का, हे विचारणं बरोबर आहे.

---

झेरॉक्सवाला | सकाळी ११:०२

विचारलं. कोरी सही दिली नाही म्हणते. व्हाउचरवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सह्या मात्र बऱ्याच केल्या, रोख पगाराच्या काळात.

किती दिवस द्यायचे यावर अडलं आहे. तो म्हणते, "एक दिवस बी पाय ठेवत नाही." मी म्हटलं बारा दिवस, वीस दिवस, काहीतरी सांग. शेवटी २८ फेब्रुवारीवर आला. म्हणजे पगाराचा महिना पुरा होतो अन् नव्या माणसाला काटा समजावून द्यायला वेळ भेटते.

चाव्यांचं मीच काढून टाकलं.

---

जुना_टाइमकीपर | सकाळी ११:३०

चाव्यांचं काढू नका, उलटं करा. त्या वाक्याच्या जागी अख्खा एक परिच्छेद पाहिजे. ज्या माणसाला चोर म्हटलं आहे त्यानं जाताना काय-काय कोणाला दिलं याची यादी केलीच पाहिजे. चिठ्ठ्यांची पुस्तकं कोणत्या नंबरपासून कोणत्या नंबरपर्यंत वापरली, कोरी किती उरली. काट्याच्या खोलीच्या चाव्या. मॉइश्चर मीटर. संगणकावरच्या नोंदी कोणत्या तारखेपर्यंत पुऱ्या आहेत. घेणारा सही करेल, देणारा सही करेल. मार्चमध्ये एखादं पुस्तक गायब झालं तर कोणी याच्या घरी येणार नाही.

बाकीच्या पत्राचं मी असं करतो. एकेक वाक्य घेतो अन् विचारतो, हे राजीनाम्यात पाहिजे, वेगळ्या पत्रात पाहिजे, की कुठंच नको?

"आजच्या आज सोडतो" राजीनाम्यात, तारीख बदलून. "डिसेंबर-जानेवारीचा पगार" याचा राजीनाम्यात एका ओळीत उल्लेख, रकमेसकट मागणी वेगळ्या पत्रात. "दाबून ठेवला" म्हणायचं नाही, "मिळालेला नाही" म्हणायचं. दाबला की नाही यावर शेठ वाद घालेल. मिळालेला नाही यावर पासबुक बोलते.

"चोर म्हटलं" हे राजीनाम्यात नको, पण फेकायचंही नाही. आजच्या आज वहीत लिहून ठेवा: शनिवार ७ फेब्रुवारी, किती वाजता, कोणते गाडीवान हजर होते, नेमके शब्द काय होते. सही, तारीख. आत्ता कुठं द्यायचं नाही. पुढं लागलं तर ताजं लिहिलेलं कामी येते, सहा महिन्यांनी आठवून लिहिलेलं नाही.

"कुत्र्यासारखा", "लाथाडून", "मेहुण्याचा पोरगा" कुठंच नको. मायचं ऑपरेशन अन् नाकारलेली सुटी त्याच वहीत.

---

पांढरं_सोनं | दुपारी १२:१०

हे सारं वाचून रायलो सकाळपासून. मी कास्तकार हाये. असल्याच एखाद्या काट्यावर माह्या कापसाच्या गाड्या जातेत. तुम्ही लोक "वजन कमी धरलं" हे वाक्य खोडून रायले, कायद्यानं बरोबर असन. पण माह्या कापसाचं काय? त्यानं कमी धरलं, शेठनं खाल्लं, अन् आता पत्रातून बी गेलं. मंग ते कुठं लिहायचं?

---

जुना_टाइमकीपर | दुपारी १२:४५

प्रश्न बरोबर आहे, अन् माझ्याजवळ गुळगुळीत उत्तर नाही.

राजीनामा शेठच्या फायलीत जाते. तुम्हाला तो कधी दिसणारच नाही. त्यात लिहून एका कास्तकाराचा एक किलोही परत येणार नाही. काट्याची तक्रार वैधमापनशास्त्र विभागाकडे होते, वजनमापाचे निरीक्षक तेच. बाजार समितीच्या आवारातला व्यवहार असेल तर समितीच्या सचिवाकडेही. ते काटा तपासतात, शिक्का पाहतात. ही तक्रार कास्तकारही करू शकतो, त्याला काट्यावर नोकरी करायची गरज नाही.

या पोरानं करायची की नाही हे मी सांगणार नाही. केली तर त्याचंही नाव त्यात येते. आधी वकिलाशी बोलावं एवढंच म्हणेन.

---

पांढरं_सोनं | दुपारी १२:५२

म्हणजे गुपचूप राजीनामा अन् ग्रॅच्युइटी. छान.

---

ठोक_भाऊ | दुपारी १:०५

कास्तकार भाऊचं खरं हाये. पण त्या पोट्ट्याच्या मायचं ऑपरेशन हाये, हे बी पाहा न.

---

झेरॉक्सवाला | दुपारी ३:२०

सगळ्यांचं घेऊन हे तयार झालं. त्याच्या पुढ्यात बसून एकेक वाक्य वाचलं:

> दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६
>
> प्रति,
> मा. मालक,
> ..... जिनिंग ॲण्ड प्रेसिंग फॅक्टरी
>
> विषय : वजनकाटा लिपिक पदाचा राजीनामा
>
> महोदय,
>
> मी दि. १२ नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या कारखान्यात वजनकाट्यावर लिपिक म्हणून बारमाही काम करीत आहे. या पत्राद्वारे मी या पदाचा राजीनामा देत आहे. दि. २८ फेब्रुवारी २०२६ हा माझ्या कामाचा शेवटचा दिवस राहील.
>
> वजनचिठ्ठ्यांची वापरलेली व कोरी पुस्तके, काट्याच्या खोलीच्या चाव्या, मॉइश्चर मीटर आणि संगणकावरील नोंदी मी त्या दिवसापर्यंत आपण नेमाल त्या व्यक्तीकडे यादीनुसार सोपवीन. यादीवर देणाऱ्याची व घेणाऱ्याची सही व्हावी. नव्या व्यक्तीस कामाची माहिती देण्यास मी तयार आहे.
>
> डिसेंबर २०२५ व जानेवारी २०२६ या महिन्यांचे वेतन मला अद्याप मिळालेले नाही. थकीत वेतन, ग्रॅच्युइटी व अनुभव प्रमाणपत्र याबाबतचे स्वतंत्र पत्र सोबत जोडले आहे.
>
> कृपया दुसऱ्या प्रतीवर सही व शिक्का करून पोच द्यावी.
>
> आपला,
> (सही)

मी शेवटी "आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे" घातलं होतं. त्यानं बोट ठेवलं अन् म्हणे हे काढ. काढलं. मग दोन मिनिटं गप्प राहून म्हणे, "काटा चालवाले मी इथंच शिकलो, हे लिहिता येईन का?" मी म्हटलं येईल, पण राजीनाम्यात नाही, तुझ्या बायोडाट्यात.

---

जुना_टाइमकीपर | दुपारी ४:००

चांगलं झालं. आभार नाही तर नाही. न मानलेले आभार लिहिले की टोमण्यासारखे वाचले जातात, ते मालकालाही कळते.

एक पाहा, "आपण नेमाल त्या व्यक्तीकडे". मेहुण्याच्या पोराला नेमलं तर सोपवताना याचं डोकं फिरेल. त्या दिवशी सोबत कोणी जुना माणूस असू द्या.

दुसऱ्या पत्रात काय घेतलं?

---

झेरॉक्सवाला | दुपारी ४:१२

डिसेंबर १३,५००, जानेवारी १३,५००, एकूण २७,०००. फेब्रुवारीचा पगार महिना पुरा झाल्यावर. ग्रॅच्युइटी ५४,५१९, हिशेब मांडून. अनुभव प्रमाणपत्र. प्रत्येकाची वेगळी ओळ. विशेषण एकही नाही.

---

जुना_टाइमकीपर | दुपारी ४:३१

त्यात एवढं जोडा, की वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर थकीत वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असते. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. गंमत पाहा, पोरानं रागात "दोन दिसांत" लिहिलं होतं ते अंदाजानं बरोबर निघालं, फक्त गाडीची धमकी जोडायची गरज नव्हती. ग्रॅच्युइटीला ३० दिवसांची मुदत असते, तिचा अर्जही वेगळा द्यायचा.

---

झेरॉक्सवाला | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

आज गेला होता घेऊन. शेठ गावाला. मुनीमानं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. पोरगा सांगते की मुनीमाचा चेहराच पडला, भांडायला काही सापडेना. पोच मात्र दिली नाही, म्हणे साहेब आल्याशिवाय शिक्का मारत नाही.

अन् वरून म्हणे, "यात एक ओळ घाल, मला कोणतेही येणे बाकी नाही, म्हणजे साहेब लवकर सही करतील. पगार मी काढून देतो."

---

विधी_दुसरं_वर्ष | संध्याकाळी ७:०२

ती ओळ अजिबात घालू नका!! पैसे खात्यात आल्याशिवाय तर नाहीच.

---

जुना_टाइमकीपर | संध्याकाळी ७:२०

वकीलसाहेब, यावेळी शंभर टक्के.

पोच नाही तर उद्या सकाळी स्पीड पोस्टानं दोन्ही पत्रं पाठवा, कारखान्याच्या पत्त्यावर अन् मालकाच्या नावानं. पावती जपून ठेवा, पोचल्याचा पुरावा पोस्टातून मिळते. शिवाय पत्राचा फोटो मुनीमाच्या अन् शेठच्या व्हॉट्सॲपवर, सोबत एकच ओळ: "आज दि. १० रोजी कार्यालयात दिलेल्या पत्राची प्रत." दुसरा शब्द नाही. गावाच्या ग्रुपवर तर मुळीच नाही.

अन् २८ पर्यंत रोज कामावर जायचं, हजेरीवर सही करायची. सही करू दिली नाही तर त्या दिवशी तेही वहीत.

---

झेरॉक्सवाला | संध्याकाळी ७:३१

रोज जायचं हेच त्याला जमणार का ते पाहावं लागेल. उद्या काट्यावर कापसाच्या गाड्या आहेत, शनिवारवालेच गाडीवान येणार म्हणते.

---

पांढरं_सोनं | संध्याकाळी ७:५०

मंग उद्या वजन बरोबर धर म्हणा त्याले. त्याले कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

---

भाव_काय | रात्री ८:१५

त्या जिनिंगमध्ये ओलावा किती टक्क्यांपर्यंत चालते, हे तरी विचारून सांगा न भाऊ. पोरगा मीटरवरच आहे ना?